पहिल्या महिन्याची नोंदवही: उत्तर कळण्याआधी काय वाटत होतं ते लिहा

प्रश्न: बिलं पास करण्याच्या विभागात लागून मला आठवडा झाला. रोज काय शिकलीस ते लिहून ठेव, असं मॅडमनी सांगितलंय. मी लिहिते, पण ते "आज दोन चुका झाल्या, उद्या नीट बघायचं" याच्या पुढे जात नाही, आणि त्याच चुका परत होतात. सारखे प्रश्न विचारायलाही संकोच वाटतो. आत्मविश्वास वाढतोय की कमी होतोय, हे माझं मलाच कळत नाही. नोंद नक्की कशी ठेवू?

उत्तर: आधी लिहिण्याची वेळ बदला. संध्याकाळी बसून दिवस आठवायचा, ही पद्धत आपल्या कामात फारशी उपयोगी पडत नाही. संध्याकाळपर्यंत कोणतं बिल बरोबर होतं आणि कोणतं परत आलं, हे तुम्हाला कळलेलं असतं. आणि एकदा उत्तर कळलं की आधी आपल्याला काय वाटत होतं हे माणसाला खरं आठवत नाही. बरूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये यावर प्रयोग केले. त्यांनी लोकांना इंग्रज आणि गुरखे यांच्यातल्या एका जुन्या लढाईचं वर्णन वाचायला दिलं आणि वेगवेगळ्या गटांना तिचा शेवट वेगवेगळा सांगितला. ज्यांना जो शेवट सांगितला होता, त्यांना तोच आधीपासून जास्त संभवनीय वाटला. शेवट माहीत नाही असं समजून उत्तर द्या, असं सांगूनही फार फरक पडला नाही. तुमच्या टेबलावर रोज हेच होतं. बिल परत आलं की मन म्हणतं, "मला तिथे शंका आलीच होती." बहुतेक वेळा ती आलेली नसते.

म्हणून नोंदीची पहिली ओळ बिल तपासणीला पुढे जाण्याच्या आधी लिहायची आणि दुसरी निकाल कळल्यावर. पहिल्या ओळीत तीन गोष्टी: मी काय ठरवलं, कशावरून ठरवलं, आणि मला किती खात्री आहे. खात्रीसाठी दहापैकी गुण देत बसू नका. सात की आठ यातच वेळ जातो आणि त्यातून काही कळत नाही. "खात्री", "बहुतेक", "अंदाज" हे तीन शब्द पुरतात. दुसऱ्या ओळीत निकाल, आणि चूक असेल तर ती कुणी किंवा कशाने पकडली.

प्रत्येक बिलासाठी हे करायचं नाही, नाहीतर तिसऱ्या दिवशी वही बंद पडेल. दिवसाला पाच-सहा बिलं पुरे. त्यात पहिल्यांदाच समोर आलेल्या प्रकारचं बिल हवं, हात जिथे थबकला ते हवं, आणि जे अगदी सोपं वाटलं असंही एखादं मुद्दाम घ्यायला हवं. सोपं वाटलेलं बिल नवी माणसं कधीच लिहीत नाहीत. माझ्या मते सगळ्यात महाग चुका तिथेच असतात, कारण तिथे शंका येत नाही आणि म्हणून विचारणंही होत नाही.

संध्याकाळचा वेळ वाया जातो असं मात्र समजू नका. नव्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात रोज शेवटची १५ मिनिटं, आज काय शिकलो हे लिहायला दिली तर काय होतं, याचा एक अभ्यास विप्रोमध्ये झाला होता आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. लिहिणाऱ्या गटाने शेवटच्या परीक्षेत, तेवढा वेळ सरावच करत राहिलेल्या गटापेक्षा बरीच सरस कामगिरी केली. पण त्या १५ मिनिटांत हाताशी दिवसभरातल्या खऱ्या ओळी असतील तर विचार करायला काहीतरी ठोस मिळतं. नुसत्या आठवणीवर बसलात तर तुमच्या वहीत आता आहे तेच उमटतं: उद्या नीट बघायचं.

आता चुकांकडे येऊ. तुमच्या दोन चुका एकाच जातीच्या आहेत का, हे तुमच्या नोंदीवरून कळत नाही, आणि त्या परत होण्याचं मुख्य कारण मला तेच दिसतं. जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात एक विभागणी सविस्तर मांडली आहे, ती इथे फार कामाची आहे. एका प्रकारात तुम्हाला करायचं असतं ते बरोबर असतं, पण हातून वेगळंच होतं. दुसऱ्या प्रकारात हात ठरवल्याप्रमाणेच चालतो, पण ठरवलेलंच चुकीचं असतं. पहिलीला मी हातची चूक म्हणते, दुसरीला समजुतीची. दोन्हींचे उपाय इतके वेगळे आहेत की एकाचा उपाय दुसरीवर अजिबात चालत नाही. समजूत चुकलेली असताना कितीही नीट बघितलं तरी तुम्ही चुकीचीच गोष्ट नीट करता.

काही काळापूर्वी आमच्याकडे आलेल्या एका नव्या मुलीची वही मी तिच्या परवानगीने वापरते. तिच्या पहिल्या आठवड्यातली ही नोंद बघा. त्यातली पीओ म्हणजे आपण सप्लायरला दिलेली खरेदीची ऑर्डर:

*"सप्लायरचं बिल, रक्कम ७,८६०. पीओ आणि माल पोचल्याची पावती जुळली. एंट्री केली. खात्री."*

आणि चार दिवसांनी तिच्याच खाली:

*"सप्लायरच्या स्टेटमेंटमध्ये आपल्या खात्यापेक्षा १८० जास्त. मी ७,६८० टाकले होते. स्टेटमेंट जुळवताना सापडलं, मला दिसलं नव्हतं."*

ही हातची चूक. फरक १८०, आणि १८० ला ९ ने भाग जातो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले की येणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो, म्हणून ताळमेळ करताना फरक आला की जुने लोक आधी ९ ने भागून बघतात. त्यावरून आकडे फिरलेच असं सिद्ध होत नाही. ४,५०० च्या जागी ४५० टाकले तरी ४,०५० चा फरक येतो आणि त्यालाही ९ ने भाग जातो. पण कुठून शोधायला सुरुवात करायची हे कळतं.

तिने त्या दिवशी वहीत "काळजी घ्यायची" असं लिहून सोडून दिलं असतं तर काही हाती लागलं नसतं. मी तिला एवढंच विचारलं, की रक्कम टाइप करताना तुझी नजर कुठे होती? तिला सांगता येईना. मग तिने पुढच्या काही बिलांना स्वतःकडेच लक्ष दिलं आणि कारण सापडलं. ती बिल बघायची, मग पीओ उघडायची, मग पावती, आणि शेवटी एंट्रीच्या खिडकीत रक्कम आठवून टाकायची. बिलावरून टाकायची नाही. तीन कागद फिरून आल्यावर चार आकडी रक्कम डोक्यात टिकते, पण क्रम टिकेलच असं नाही.

उपायही तिथूनच निघाला. रक्कम टाकायच्या क्षणी बिल शेजारी उघडं हवं, आणि टाकून झाल्यावर वाचायचं ते उलट दिशेने, म्हणजे पडद्यावरचा आकडा आधी वाचून मग बिलावर शोधायचा. बिल वाचून पडद्याकडे बघितलं की जे असायला हवं तेच डोळ्यांना दिसतं. हातच्या चुकीचा उपाय असा कामाच्या मांडणीत शोधायचा असतो: खिडकी कुठे, कागद कुठे, कोणत्या क्रमाने. तो वहीत लिहिताना "मी" पेक्षा कागद आणि खिडक्यांचा उल्लेख जास्त आला, तर नोंद बरोबर दिशेने चालली आहे असं समजा.

दुसरी नोंद दुसऱ्या आठवड्यातली:

*"बिल १०० नग, दर ४५, रक्कम ४,५००. पीओ १०० नग, दर ४५. जुळलं. पावती ६० नगांची आहे, पण ऑर्डर १०० चीच होती, बाकीचे येतील. पास केलं. खात्री."*

निकाल: *"परत आलं. ६० चेच पैसे द्यायचे. २,७००."*

आकडेमोडीत एक अक्षर चुकलेलं नाही, एंट्री स्वच्छ आहे, आणि तरी १,८०० जास्त पास झाले. तिची समजूत अशी होती, की पीओ म्हणजे आपण दिलेला शब्द, म्हणून बिल पीओशी जुळलं की पैसे देणं लागतं. माल पोचल्याची पावती तिला गोदामाचा अंतर्गत कागद वाटत होती. खरं तर तिन्ही कागद तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. काय मागवलं ते पीओ सांगते, काय मिळालं ते पावती सांगते, आणि सप्लायर काय मागतोय ते बिल. जे मागवलं आणि मिळालंही, त्याचेच पैसे. बाकी ४० नगांचं बिल आलेलंच असेल तर संस्थेच्या पद्धतीप्रमाणे बिल होल्डवर ठेवायचं, किंवा ६० पुरतं पास करून उरलेल्या रकमेची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम कमी केल्याचा सप्लायरचा कागद, मागायची. यातलं कोणतं, हे तुमच्या मॅडमना विचारा, ते ठिकाणागणिक बदलतं.

या नोंदीतला सगळ्यात मोलाचा शब्द "खात्री" हा आहे. तो निकालाच्या आधी लिहिला नसता तर तिनेच नंतर सांगितलं असतं, की पावती बघून जरा शंका आली होती. शब्द कागदावर असल्यामुळे तसं म्हणायची सोय राहिली नाही, आणि मग खरा प्रश्न विचारता आला: तुला खात्री कशामुळे होती? समजुतीची चूक अशीच हाताला लागते. "खात्री" लिहिलेलं बिल परत आलं, की तिथे थांबा आणि "मला असं वाटत होतं की..." हे वाक्य पूर्ण करा. ते वाक्य लिहिता येत नाही तोवर चूक सुटलेली नाही, फक्त ते बिल दुरुस्त झालं आहे.

यानंतरची पायरी जवळजवळ कुणीच करत नाही, आणि मी ती प्रत्येकाकडून करून घेते. हातची चूक एकटी असते, पण चुकीची समजूत तुमच्याबरोबर कामाला लागल्या दिवसापासून बसलेली असते. तिच्या हातून आणखी बिलं गेलेली असणार. म्हणून वाक्य लिहून झालं की मागे जाऊन शोधायचं. त्या मुलीने आपण पास केलेल्या बिलांमध्ये जिथे पावतीचे नग बिलापेक्षा कमी होते ती काढली. आणखी एक सापडलं. त्याचं पेमेंट अजून निघालं नव्हतं, म्हणून ते थांबवता आलं. स्वतःच चूक काढून "हे एक मला मागे सापडलं" असं सांगत ती आली, तो त्या महिन्यातला माझ्या दृष्टीने खरा बदल होता. तिच्या वहीत त्या दिवशी आत्मविश्वासाबद्दल एक शब्दही नव्हता.

पुढे काय झालं तेही सांगते, कारण तुमच्या बाबतीतही ते होईल. चार-पाच दिवसांनी एका सल्लागाराचं बिल आलं. तिने ते होल्डवर ठेवलं. नोंद: *"माल पोचल्याची पावती नाही, म्हणून थांबवलं. खात्री."* सल्ल्याची पावती गोदामातून कशी येणार? सेवेच्या बिलाला ज्याने ती सेवा घेतली त्या विभागाची काम झाल्याची मंजुरी लागते. नुकताच शिकलेला नियम माणूस जिथे तिथे लावतो, हे शिकण्याचंच एक वळण आहे आणि त्याला घाबरू नका. पण वहीत या दोन नोंदी जवळजवळ असल्यामुळे तिला त्या एकाच समजुतीच्या दोन टोकांसारख्या दिसल्या. तिने खाली स्वतःच लिहिलं: *"पावती महत्त्वाची नाही. मिळालं हे कोण सांगू शकतं, ते महत्त्वाचं."* हे मी शिकवलेलं वाक्य नव्हतं. त्यानंतर भाड्याचं बिल, दुरुस्तीचं बिल, वार्षिक देखभालीचं बिल या प्रत्येकाच्या वेळी ती "याला मिळालं असं कोण सांगेल?" असं विचारायची, आणि उत्तर बहुतेक वेळा तिचं तिलाच सापडायचं.

प्रश्न विचारण्याच्या संकोचाबद्दल. सारखं विचारायला लाज वाटते म्हणून प्रश्नच गिळून टाकायचा, हे आपल्या कामात धोक्याचं आहे. आणि उठसूट शेजारच्याला विचारत राहिलं तर उत्तरं मिळतात, पण डोक्यात राहत नाहीत. मी एक कसोटी देते: चूक झाली तर ती परत फिरवता येईल का? एंट्री पोस्ट होण्याआधी, म्हणजे खात्यात पक्की बसण्याआधी, काहीही बदलता येतं. पोस्ट झाल्यावर उलटी एंट्री करावी लागते, पण ती करता येते. पैसे बाहेर गेले की मात्र ते परत मिळवणं समोरच्याच्या मर्जीवर असतं. म्हणून पेमेंटच्या उंबरठ्यावरचा प्रश्न तिथल्या तिथे, कामात व्यत्यय आणूनही विचारायचा. एंट्रीतला प्रश्न वहीत लिहून ठरलेल्या वेळी एकत्र विचारायचा. मॅडमना सांगून दिवसातून दोन वेळा ठरवून घ्या. बहुतेक वरिष्ठांना दर दहा मिनिटांनी हाक ऐकण्यापेक्षा हे आवडतं.

एक प्रश्न मात्र कधीही साठवून ठेवायचा नाही. सप्लायरकडून "आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे पैसे इथे पाठवा" असा ईमेल आला, तर काम तिथेच थांबवून सांगायचं. फसवणुकीची ही जगभर चाललेली पद्धत आहे. ईमेल हुबेहूब दिसतो, जुन्या बिलांचे नंबरही त्यात बरोबर असू शकतात. पडताळणी करायची ती त्या ईमेलमधल्या नंबरवर फोन करून नाही, तर आपल्याकडे आधीपासून नोंदलेल्या नंबरवर. नव्या माणसाला असे ईमेल जास्त चकवतात, कारण त्याला सगळेच सप्लायर नवे असतात आणि कुठलाच बदल विचित्र वाटत नाही.

बाकीचे प्रश्न लिहिताना प्रश्नाखाली तुमचा अंदाज लिहा. "मॅडम आज नसत्या तर मी काय केलं असतं?" याचं उत्तर म्हणजे तुमचा अंदाज. समजा पीओवर दर ४५ आहे आणि बिलावर ४५.५०. "दर जुळत नाही, काय करू?" असं विचारलं तर उत्तर मिळेल "पास कर", आणि तुम्ही शिकाल की दर थोडा वेगळा असला तरी चालतं. हे अर्धवट शिक्षण फार वाईट. तेच असं विचारा: "दर ५० पैशांनी जास्त आहे. माझ्या मते होल्ड करायला हवं, कारण पीओ ४५ ची आहे. बरोबर का?" आता समोरच्याला तुमच्या कारणाला उत्तर द्यावं लागतं. त्या सांगतील की अमुक टक्क्यांपर्यंतचा फरक आपल्याकडे चालतो, त्यापुढे खरेदी विभागाची मंजुरी लागते, आणि ती मर्यादा कुणी ठरवली आहे. एका प्रश्नात तीन गोष्टी मिळाल्या, आणि पुढच्या दहा बिलांना तुम्हाला विचारावं लागणार नाही. शिवाय अंदाज सोबत घेऊन आलेला प्रश्न ऐकणाऱ्यालाही वेगळा वाटतो. हिने आधी डोकं लावलं आहे, हे त्याला दिसतं. संकोच कमी होण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

सगळे प्रश्न तारखेसह एका जागी ठेवा, वहीच्या मागच्या पानांवर चालेल. त्यांची संख्या कमी होते का, हे बघू नका, कारण ती महिनाभर फारशी कमी होत नाही. त्यांचं रूप बघा. सुरुवातीचे प्रश्न "कुठे" आणि "कसं" असे असतात: पावती कुठे सापडते, होल्ड कसं लावायचं. मग "का" येतात: हे खातं का, ते का नाही. आणि एक दिवस वेगळाच प्रश्न येतो: "या सप्लायरचं हे बिल गेल्या आठवड्यातल्या बिलासारखं दिसतंय. नंबर एकदा ०४५८ आहे आणि एकदा ४५८. एकच आहे का?" हा प्रश्न कुणी तुम्हाला नेमून दिलेला नसतो. सिस्टीम सहसा तोच बिल नंबर परत टाकला की अडवते, पण पुढचं शून्य गेलं किंवा मध्ये एखादी रेघ आली की अनेक सिस्टीम त्याला नवं बिल समजतात आणि पैसे दोनदा जातात. माणसाचा डोळाच ते पकडतो. असा प्रश्न वहीत दिसला की मी त्या माणसाला थोडी अवघड बिलं द्यायला लागते.

आता आत्मविश्वास. तो मनाला विचारून कळत नाही, कारण मन त्या दिवशी बिल परत आलं की नाही यावर उत्तर देतं. पण तुमच्याकडे तीन शब्द आहेत. आठवड्याच्या शेवटी तीन खाने करा आणि मोजा: "खात्री" लिहिलेल्यांपैकी किती बरोबर निघाली, "बहुतेक"पैकी किती, "अंदाज"पैकी किती. त्या मुलीच्या पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळीकडे "खात्री" होतं आणि त्यातली काही परत आली होती. चौथ्या आठवड्यात "खात्री" निम्म्यावर आली, "बहुतेक" वाढलं. ती निराश होऊन म्हणाली, "माझा आत्मविश्वास गेला." मी तिला खाने दाखवले. "खात्री" लिहिलेलं त्या आठवड्यात एकही परत आलं नव्हतं, आणि जे परत आलं ते सगळं "अंदाज" मध्ये होतं. म्हणजे कुठे कच्ची आहे हे तिला बिल परत येण्याआधीच कळायला लागलं होतं. पहिल्या आठवड्यातली खात्री ही काय काय चुकू शकतं ते माहीत नसल्याची खात्री होती. चौथ्या आठवड्यातली शंका माहितीतून आलेली होती. तुम्हाला आत्मविश्वास वर-खाली होतो असं वाटतंय, त्यामागे बहुधा हेच असेल, पण ते मोजून बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

उलटही होतं. काही जण महिनाभर "अंदाज" लिहीत राहतात आणि त्यांची जवळजवळ सगळी बिलं बरोबर असतात. त्यांना माहिती असते, पण ती माहिती आहे यावर विश्वास नसतो, आणि ते प्रत्येक बिल तीनदा तपासून संध्याकाळी मागे पडतात. अशा माणसाला मी सांगते, की ज्या प्रकारच्या बिलांत तुझा अंदाज सलग दोन आठवडे बरोबर आला, त्या प्रकारात एकदाच तपास आणि पुढे पाठव. अवघड वाटतं, पण खाने समोर असले की पटतं.

यातली मर्यादाही लक्षात असू द्या. आठवड्याला पंचवीस-तीस नोंदी म्हणजे फार थोड्या. एका खान्यात चार नोंदी असतील आणि त्यातली एक चुकली, तर त्यावरून काही ठरवू नका. दोन-तीन आठवडे तोच कल दिसला तरच त्याला अर्थ आहे. आणि "परत आलं नाही" म्हणजे "बरोबर होतं" असंही नाही. ७,६८० ची ती एंट्री चार दिवस कुणालाच दिसली नव्हती. सप्लायरचं स्टेटमेंट जुळवून होईपर्यंत निकालाच्या ओळीपुढे एक प्रश्नचिन्ह राहू द्या.

ही वही कोण वाचणार, हे मॅडमशी आजच बोलून घ्या. वरिष्ठ वाचणार हे माहीत असलं की हात आपोआप "बहुतेक" च्या जागी "खात्री" लिहायला लागतो किंवा चुका गाळतो, मग सगळीच मेहनत फुकट जाते. मी नव्या माणसांना सांगते, की वही तुमची, मला आठवड्यातून एकदा तीन खान्यांचे आकडे आणि न सुटलेले प्रश्न द्या. तुमच्याकडे पूर्ण वही द्यायची पद्धत असेल, तर निदान ती कामगिरीच्या मूल्यमापनात जाणार नाही ना, हे विचारून घ्या. आणि वहीत सप्लायरचे बँक तपशील, पासवर्ड, कुणाचे फोन नंबर लिहू नका. बिल ओळखण्यासाठी आतला व्हाउचर नंबर पुरतो. वैयक्तिक फोनमध्ये बिलांचे फोटो काढून ठेवणं तर अजिबात नको.

शेवटचा आठवडा वेगळा जाईल, कारण तुमचं पहिलं मंथ-एंड, म्हणजे महिन्याचे हिशेब बंद करण्याचे दिवस, तेव्हा येईल. बहुतेकांची वही नेमकी तिथे बंद पडते. त्या दिवसांत पाच-सहा नोंदींचा हट्ट सोडा, एकच ठेवा, पण ती कट-ऑफची, म्हणजे कोणता खर्च कोणत्या महिन्यात धरायचा याची असू द्या. माल ३० तारखेला आला आणि बिल पुढच्या महिन्याच्या ४ तारखेला, तर खर्च कोणत्या महिन्याचा? नव्या माणसाला वाटतं, बिलाच्या तारखेचा. खर्च माल मिळाला त्या महिन्याचा, आणि बिल आलेलं नसलं तरी त्याची तरतूद, म्हणजे त्या खर्चाची तात्पुरती एंट्री, करावी लागते. पुढच्या महिन्यात बिल आल्यावर ती तरतूद उलटवावी लागते, नाहीतर तोच खर्च दोनदा बसतो. हे पहिल्यांदा ऐकताना सगळ्यांना कळतं, आणि उलटवायची वेळ येते तेव्हा विसरायला होतं. म्हणून ही एक नोंद लिहितानाच पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या पानावर "तरतूद उलटवली का?" असं लिहून ठेवा.

महिना संपला की रोजची नोंद थांबवली तरी चालेल. वही एकदा पहिल्या पानापासून वाचा आणि "मला असं वाटत होतं की..." ही सगळी वाक्यं एका पानावर उतरवून काढा. पाच-सात निघतील. ते पान आणि न सुटलेले प्रश्न घेऊन मॅडमकडे अर्धा तास मागा. त्या पानावरच्या प्रत्येक वाक्यापुढे त्यांना एकच विचारा: या समजुतीतून गेलेलं आणखी काही असेल, तर ते कुठे शोधू?